'आपलं' गोदाम नेमकं कोणाचं?

'प्लीज रिटर्न द डॅमेज्ड क्रेट्स टु अवर वेअरहाउस.' पुण्यातल्या एका कंपनीनं सांगलीच्या विक्रेत्याला असं इंग्रजी वाक्य पाठवलं, तर त्यात घोळ होण्यासारखं काही नाही. तेच वाक्य एखाद्या एआय मॉडेलला देऊन 'नम्र मराठीत कर' एवढंच सांगितलं, तर हाती असं काही येऊ शकतं: 'खराब झालेली खोकी कृपया आपल्या गोदामात परत पाठवावीत.' शुद्धलेखन बरोबर, व्याकरण बरोबर, सूरही नम्र. फक्त खोकी जायची तिथे जाणार नाहीत. विक्रेत्यासाठी सगळं पत्र आदरार्थी 'आपण'मध्ये लिहिलेलं, म्हणजे 'आपलं गोदाम' हे त्याचंच गोदाम. तो खोकी जागची हलवणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

इंग्रजी व्यावसायिक ईमेलचं मराठी पत्र करून घेताना खरी मेख इथे आहे. मॉडेल मराठी बिघडवतं अशी तक्रार जुनी झाली. चांगल्या मॉडेलचं मराठी आता वाचवण्यासारखं असतं, आणि म्हणूनच त्यातल्या चुका डोळ्यांआड होतात. 'हा ईमेल आपल्याला चांगल्या स्थितीत सापडेल' असलं हास्यास्पद वाक्य कोणालाही पकडता येतं. 'आपल्या गोदामात' पकडायला पत्र पाठवणाऱ्याच्या नव्हे, तर ते घेणाऱ्याच्या खुर्चीत बसून वाचावं लागतं.

हे का होतं ते आधी पाहू. इंग्रजीत समोरच्यासाठी 'यू' आणि स्वतःच्या बाजूसाठी 'वी' एवढ्यावर भागतं. मराठीत समोरच्यासाठी तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत. 'वी'चे दोन तुकडे होतात: ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' आणि त्याला धरून 'आपण'. म्हणजे 'आपण' दोन्हीकडे आहे. त्यात 'आपला' या शब्दाचं 'स्वतःचा' हे तिसरं काम वेगळंच. बोलताना आवाज, हात आणि प्रसंग मिळून अर्थ उलगडतात. कागदावर, आणि तेही पैशाच्या व्यवहारात, ती सोय नसते. 'आपण मागच्या आठवड्यात ठरवले होते' या वाक्यात कोणी ठरवलं? दोघांनी मिळून की तुम्ही? मूळ इंग्रजी वाक्य 'आपल्या दोघांचं ठरलं होतं' एवढंच सांगत होतं. मराठीत मात्र ते 'तुम्ही कबूल केलं होतंत' असंही वाचता येतं. वीस वर्षांच्या व्यवहारात एवढ्या एका वाक्यानं खटका उडू शकतो.

मॉडेल इंग्रजी मजकूर वाचतं आणि त्यापुढे शोभेल असा मराठी शब्द एकामागून एक निवडत जातं. इंग्रजी 'यू'मध्ये समोरचा माणूस साठीचा आहे की पंचविशीचा, ग्राहक आहे की पुरवठादार, पहिल्यांदा बोलतोय की शंभराव्यांदा, यातलं काहीच नसतं. तरी मराठीत सर्वनाम निवडल्यावाचून वाक्य पुरं होत नाही. म्हणून मॉडेल अंदाज करतं. वाक्यागणिक अंदाज बदलला, की पहिल्या ओळीत 'आपण', तिसऱ्या ओळीत 'तुमच्या' आणि शेवटी पुन्हा 'आपल्या सहकार्याबद्दल' अशी खिचडी होते. ही अडचण एकट्या मराठीची नाही. भाषांतराच्या यंत्रांना औपचारिकता सांगून पाळता येते का, हे तपासणारं एक स्वतंत्र आव्हानच 2022 साली आयडब्ल्यूएसएलटी या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ठेवलं होतं. इंग्रजीतून ज्या भाषांत भाषांतर करायचं, त्यांत हिंदी होती, जर्मन होती, जपानी होती. मराठी नव्हती.

यावर बहुतेक जण 'औपचारिक मराठीत लिही' असं सांगून मोकळे होतात. माझ्या मते ही सगळ्यांत निकामी सूचना. औपचारिक म्हटलं की मॉडेलचं मराठी सरळ मंत्रालयात जातं: 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की', 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी', 'याची नोंद घ्यावी'. छापील औपचारिक मराठीचा मोठा भाग शासकीय आहे, तेव्हा मॉडेलला तरी दोष कसा द्यायचा? पण पंप विकणाऱ्या कंपनीनं आपल्या विक्रेत्याला 'कळविण्यात येते' असं लिहिलं, तर त्याला आधी वकील आठवतो. मराठीत औपचारिकता एक नाही. कार्यालयाची वेगळी, बँकेच्या नोटिशीची वेगळी, 'स.न.वि.वि.' लिहिणाऱ्या पेढीची वेगळी आणि 'नमस्कार' म्हणून थेट कामाकडे वळणाऱ्या आजच्या कंपनीची वेगळी. यांतली कोणती हवी ते प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला द्यायच्या लेखी सूचनेत, नाव घेऊन लिहावं लागतं.

आता एक प्रकरण पुरतं करून पाहू. समजा, अमेरिकेत मुख्यालय असलेल्या कंपनीच्या पुणे कार्यालयात हिशेब विभागात किरण नावाची तरुणी काम करते. वरून आलेल्या नमुन्यावर तिनं इंग्रजी ईमेल तयार केला आहे. वाचणारे सांगलीचे पाटील. साठी ओलांडलेले, वीस वर्षांचे विक्रेते. ईमेलमधला मजकूर असा: आशा आहे की आपण मजेत असाल. हे जेंटल रिमाइंडर. 05/06 तारखेच्या बिलाचे 184,500 रुपये बाकी आहेत. मी मागच्या आठवड्यात फोन केला तेव्हा आपलं ठरलं, त्याप्रमाणे 20 जुलैपर्यंत पैसे पाठवावेत. खराब झालेली चार खोकी आमच्या गोदामात परत करावीत. आमची मॅनेजर अनिता 18 तारखेला सांगलीत असेल, काही शंका असल्यास ती आनंदानं मदत करेल. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट.

नुसतं 'नम्र मराठीत भाषांतर कर' म्हटलं, तर कुठे कुठे घसरण होऊ शकते ते पाहा. 'डिअर'चं 'प्रिय' होतं, आणि मराठीत 'प्रिय' हा घरच्या पत्राचा मायना आहे. 'जेंटल रिमाइंडर'ची 'सौम्य आठवण' होते. किरण हे नाव मुलाचंही असतं आणि मुलीचंही, त्यामुळे 'मी फोनवर बोललो होतो' असं पुल्लिंगी वाक्य सहज पडतं. 'आमची व्यवस्थापक अनिता तुम्हाला मदत करेल' यात वरिष्ठ बाई एकेरीत येतात. (जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्याच साहेबांचा आदर काढून टाकतात. मराठीत तसं केलं तर साहेबही रागावतील आणि समोरचाही चपापेल.) प्रत्येक इंग्रजी 'प्लीज'मागे एक 'कृपया' येतो आणि सहा ओळींत चार 'कृपया' जमतात. सगळ्यांत घातक तारीख. अमेरिकी पद्धतीत 05/06 म्हणजे 6 मे, आपल्याकडे 5 जून. मॉडेलनं न विचारता एक अर्थ घेतला, तर पत्र ज्या बिलाबद्दल बोलतं ते बिल पाटलांच्या फायलीत सापडणारच नाही.

म्हणून प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत नसलेली माहिती भरायची. किरणनं तो असा लिहिला तर काम होतं:

```
खालील इंग्रजी ईमेलचे शब्दशः भाषांतर नको. त्यातला निरोप
घेऊन मराठी व्यापारी पत्र लिही.

लिहिणारी: स्त्री, हिशेब विभाग, पुणे.
वाचणारे: पुरुष, साठीच्या पुढचे, वीस वर्षांचे विक्रेते.
मायना: मा. पाटील साहेब / स.न.वि.वि.
शेवट: कळावे / आपली विश्वासू

वाचणाऱ्यांसाठी फक्त आपण, आपल्या. तुम्ही, तुमच्या नको.
कंपनीसाठी फक्त आम्ही, आमच्या.
आपण हा शब्द "आम्ही आणि तुम्ही मिळून" या अर्थी नको;
तिथे "ठरल्याप्रमाणे" अशी रचना कर.
तिसऱ्या व्यक्तीसाठी आदरार्थी बहुवचन.
अनिता: श्रीमती अनिता, विभागीय व्यवस्थापक.

पैशासाठी "पाठवावी ही विनंती". कृपया जास्तीत जास्त एकदा.
शासकीय भाषा नको. नवे आश्वासन किंवा इशारा घालू नको.
तारीख 05/06 म्हणजे 5 जून. रक्कम ₹1,84,500.
काही अस्पष्ट असेल तर अंदाज न करता पत्राखाली
"शंका" म्हणून लिही.
```

यातली पहिली ओळ बाकीच्या सगळ्यांहून महत्त्वाची आहे. 'भाषांतर कर' म्हटलं की मॉडेल इंग्रजी वाक्याच्या चौकटीला धरून राहतं: तिथे सात वाक्यं असतील तर इथेही सात, तिथे 'प्लीज' तर इथे 'कृपया'. 'निरोप घेऊन पत्र लिही' म्हटलं की चौकट सुटते. 'आपण मजेत असाल अशी आशा'ची जागा 'स.न.वि.वि.' ही चार अक्षरं घेतात, कारण त्या इंग्रजी वाक्याचंही काम तेवढंच होतं. ईमेल लांबलचक असेल, तर काम दोन टप्प्यांत करावं. आधी मॉडेलकडून फक्त मुद्दे काढून घ्यायचे: कोण, कोणाला, काय सांगतंय, कधीपर्यंत. ते वाचून दुरुस्त करायचे आणि मग त्या मुद्द्यांवरून पत्र लिहून घ्यायचं. दुसऱ्या टप्प्यात इंग्रजी मजकूर समोर नसल्यामुळे त्याची वाक्यरचना मराठीत झिरपत नाही.

विनंतीचं रूप ठरवून देण्यामागेही कारण आहे. मराठीत विनंतीच्या पायऱ्या क्रियापदात असतात. 'रक्कम पाठवा' ही आज्ञा, बरोबरीच्या माणसाला चालेल अशी. 'रक्कम पाठवाल का?' हे बोलण्यातलं आर्जव. नुसतं 'रक्कम पाठवावी' म्हटलं की सूचनाफलकाचा वास येतो, आणि त्याला 'ही विनंती' जोडलं की तो जातो. 'रक्कम पाठवल्यास आभारी राहू' सगळ्यांत मऊ, पण त्यात मुदत विरघळते. पाठवली तर आभार, नाही पाठवली तर काय? वसुलीच्या पत्रात ही शेवटची पायरी वापरू नये. खोकी परत मागण्यासाठी ती बरी. मॉडेलला 'अतिशय नम्र' असं विशेषण दिलं, तर ते सगळ्याच वाक्यांना शेवटच्या पायरीवर नेऊन बसवण्याची शक्यता असते. विशेषणापेक्षा वापरायचं क्रियापदच देणं बरं.

वरच्या सूचनेवर मिळणारं पत्र साधारण असं असेल:

'मा. पाटील साहेब, स.न.वि.वि. 5 जूनच्या बिलापोटी ₹1,84,500 येणे बाकी आहे. त्याचे स्मरण म्हणून हे पत्र. मागील आठवड्यात मी आपल्याशी फोनवर बोलले, तेव्हा ठरल्याप्रमाणे ही रक्कम 20 जुलैपर्यंत पाठवावी ही विनंती. खराब झालेली चार खोकी आमच्या पुण्याच्या गोदामात परत पाठवल्यास आभारी राहू. आमच्या विभागीय व्यवस्थापक श्रीमती अनिता 18 जुलै रोजी सांगलीस येत आहेत. काही शंका असल्यास त्या आपल्याशी बोलतील. रक्कम पाठवल्यावर दोन ओळी कळवाव्यात. कळावे, आपली विश्वासू, किरण.'

आणि खाली: 'शंका: गोदाम पुण्याचेच आहे ना? मूळ ईमेलमध्ये गावाचे नाव नाही.'

ही शंका सोन्यासारखी आहे. मॉडेलनं 'पुण्याच्या' हा शब्द स्वतःहून घातला, पण निदान तसं सांगितलं. शंका लिहायला जागा दिली नसती, तर तो शब्द पत्रात मुकाट्यानं बसला असता. अर्थात प्रत्येक वेळी मॉडेल अशी कबुली देईलच असं नाही, म्हणून तपासणी चुकत नाही.

'श्रीमती'बद्दल थोडं सांगायला हवं. आज कार्यालयांत तो शब्द सगळ्याच स्त्रियांसाठी वापरतात. पण जुन्या वळणाच्या घरांत 'श्रीमती' म्हणजे विधवा असाच अर्थ घेतला जातो, आणि विवाहितेला 'सौ.' अपेक्षित असतं. कोण विवाहित आहे हे मॉडेलला ठाऊक नाही आणि ईमेलमध्येही नसतं. हा निर्णय त्याच्यावर सोडायचाच नाही. उपाधी आपण लिहून द्यायची, किंवा 'मॅडम' म्हणून प्रश्नच मिटवायचा. 'अनिताजी' मात्र टाळावं. मॉडेलनं वाचलेल्या हिंदीचा हात तिथे दिसतो. मराठी व्यापारी पत्रात साहेब, सर, मॅडम, राव हे अधिक घरचे वाटतात.

तपासणीची एक लोकप्रिय पद्धत म्हणजे आलेलं मराठी पुन्हा इंग्रजीत करून पाहणं. आकडे, तारखा, नावं यांच्यासाठी ती ठीक आहे. आदरासाठी ती कुचकामी आहे, कारण तू, तुम्ही, आपण ही तिन्ही इंग्रजीत गेल्यावर 'यू'च होतात. 'अनिता येईल' आणि 'अनिता येतील' यांतला फरक परतीच्या प्रवासात पुसला जातो, आणि तपासणाऱ्याला वाटतं सगळं ठाकठीक आहे. त्यापेक्षा शब्द शोधायची साधी सोय वापरावी. पत्रात Ctrl+F दाबून आधी 'तुम' शोधा: 'आपण'च्या पत्रात एकही सापडता कामा नये. मग 'आपण' आणि 'आपल' शोधून प्रत्येक ठिकाणी विचारा, हा वाचणारा आहे की आम्ही दोघं? 'आम्ही दोघं' असं उत्तर आलं की वाक्य बदला. मग 'मी' शोधून पुढचं क्रियापद लिहिणाऱ्याच्या लिंगाशी जुळतं का ते पाहा. लिंग उघड करायचंच नसेल तर 'पाठवत आहे', 'कळवीन', 'पाठवले आहे' ही रूपं स्त्री-पुरुष दोघांनाही चालतात.

शेवटी आश्वासनं पाहायची. नम्र हो म्हटलं की मॉडेलला उदारपणा सुचतो. 'काही शंका असल्यास मदत करेल' याचं 'आपल्या सर्व अडचणी तातडीने सोडवतील' होतं, आणि पाटील ते पत्र जपून ठेवतात. मूळ ईमेलमध्ये नसलेलं एखादं क्रियापद मराठीत आलं असेल तर ते सूराचं नाही, व्यवहाराचं आहे. 20 तारखे'पर्यंत' आणि 20 तारखे'पूर्वी' यांत एक दिवसाचा फरक असतो, तोही याच वेळी पाहून घ्यावा.

हाच निरोप तिशीतल्या, रोज फोनवर बोलणाऱ्या पुरवठादाराला जायचा असेल, तर प्रॉम्प्टमधला लोकांविषयीचा भाग बदलायचा: मायना 'नमस्कार राहुल', सर्वनाम 'तुम्ही', विनंती 'पाठवाल का'. त्याला 'मा.' आणि 'स.न.वि.वि.' गेलं तर तो विचारात पडेल की आपलं काय बिनसलं. मराठीत फाजील आदर हा रुसव्याचाही मार्ग आहे, आणि ते मॉडेलला कळत नाही.

पत्रव्यवहार लांबला, की तिसऱ्या-चौथ्या उत्तरापर्यंत मॉडेल ठरलेलं सर्वनाम सोडून 'तुम्ही'वर येऊ शकतं. म्हणून प्रत्येक नव्या ईमेलबरोबर तोच प्रॉम्प्ट पुन्हा चिकटवावा. त्याहून उत्तम म्हणजे आपल्याच कार्यालयाची दोन-तीन जुनी, चांगली मराठी पत्रं नमुना म्हणून सोबत देणं. 'सौजन्यपूर्ण पण ठाम' अशा वर्णनानं जे साधत नाही ते एका नमुन्यानं साधतं. फक्त त्या पत्रांतली नावं, खाते क्रमांक आणि फोन नंबर आधी काढून टाकावेत. ही माहिती बाहेरच्या सेवेकडे जाते, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं तिची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे.

स्मरणपत्र, भेटीची वेळ, मालाची चौकशी, दरपत्रकासोबतचं पत्र ही कामं अशी करून घ्यायला हरकत नाही. कायदेशीर नोटीस वकिलाकडूनच मराठीत करून घ्यावी. आणि ग्राहकाची माफी मागायची असेल किंवा सांत्वनाच्या दोन ओळी लिहायच्या असतील, तर मॉडेल बंद करून स्वतः लिहावं.